गल्फचा अनुभव असूनही स्थानिक कंपनीकडून फोन येत नाही: बायोडेटाची तपासणी, सोप्यापासून अवघडापर्यंत

आखाती देशांत दहा-बारा वर्षे काम करून परतलेल्या आणि आता लोटे, महाड, रोहा, तळोजा किंवा रसायनी परिसरातील कारखान्यांत नोकरी शोधणाऱ्या डिप्लोमा आणि आयटीआयधारकांसाठी हे लिहितो आहे. मेंटेनन्स, पाइपिंग, इलेक्ट्रिकल आणि सेफ्टी या कामांतील मंडळींचे बायोडेटा मी बराच काळ दुरुस्त करत आलो आहे. माणसे वेगळी, कंपन्या वेगळ्या, देशही वेगळे असतात, परंतु बिघाड बहुतेक वेळा तोच असतो. अनुभव कमी पडत नाही. येथील भरती अधिकाऱ्याला तो वाचता येत नाही, आणि कधी वाचता आला तरी कागदांवरून पडताळता येत नाही.

लक्षणे

आपला बायोडेटा नेमका कोणत्या टप्प्यावर अडतो ते आधी ओळखावे, कारण प्रत्येक टप्प्याचे कारण निराळे असते. नोकरीच्या पोर्टलवर आणि ओळखीतून पंधरा-वीस ठिकाणी बायोडेटा गेला तरी एकही फोन येत नसेल, तर दोष पहिल्या पानावर आहे. फोन येतो, चालू पगार विचारला जातो आणि ‘कळवतो’ म्हणून संभाषण संपते, असे होत असेल तर दोष पगार सांगण्याच्या पद्धतीत आहे. प्लांट मॅनेजरशी झालेली तांत्रिक मुलाखत चांगली होऊनही पुढे काहीच घडत नसेल, किंवा दोन पायऱ्या खालचे पद देऊ केले जात असेल, तर पदनाम आणि कामाचे वर्णन तपासावे. ऑफर लेटर हातात आल्यावर कागदपत्रांच्या पडताळणीत महिना-दीड महिना अडकून पडला असाल, तर बायोडेटा आणि दाखले यांत विसंगती आहे, असे समजून कामाला लागावे.

या चारही लक्षणांवर बहुतेक जण एकच उपाय करतात. बायोडेटा आणखी लांबवतात आणि आणखी प्रमाणपत्रे जोडतात. चार पानांचा बायोडेटा सात पानांचा झाला की मूळ दोष अधिक खोल गाडला जातो, म्हणून पुढील तपासण्या दिलेल्या क्रमानेच कराव्यात. पहिल्या तीन तपासण्यांना एक पैसाही लागत नाही.

समजण्यास सोपे जावे म्हणून एकच उदाहरण शेवटपर्यंत वापरतो. ते अनेकांच्या कागदांवरून जुळवलेले आहे. मेकॅनिकल डिप्लोमा झालेले एक गृहस्थ, चिपळूण तालुक्यातील. २००९ ते २०१२ लोट्यातील एका रासायनिक कारखान्यात मेंटेनन्स विभागात, २०१२ ते २०१७ सौदी अरेबियात जुबैल येथे एका सप्लाय कंपनीमार्फत पेट्रोकेमिकल प्लांटवर, त्यानंतर काही महिने शटडाऊनची छोटी कामे, आणि २०१८ ते २०२४ संयुक्त अरब अमिरातीत रुवैस येथे एका कंत्राटदाराकडे पाइपिंग सुपरवायझर.

पहिली तपासणी: हा बायोडेटा कोणासाठी लिहिला होता?

पहिले पान उघडून पाहावे. वरच्या बाजूला ‘अर्ज कोणत्या पदासाठी’, पासपोर्ट क्रमांक, पासपोर्ट कोठे व केव्हा मिळाला, ईसीएनआर शिक्का, धर्म, वैवाहिक स्थिती, उंची-वजन, आखाती वाहन परवाना आणि ‘एकूण गल्फ अनुभव १२ वर्षे’ अशा ओळी असतील, तर तो बायोडेटा मुंबईतील भरती एजंटसाठी लिहिलेला आहे. त्या एजंटला हीच माहिती हवी असते, कारण त्याला व्हिसाची प्रक्रिया करायची असते आणि परदेशी क्लायंटपुढे ‘गल्फ रिटर्न’ माणूस उभा करायचा असतो. लोट्यातील एचआर अधिकारी तेच पान वाचतो तेव्हा त्याला एकच अर्थ दिसतो: हा माणूस पुढच्या व्हिसाची वाट पाहतो आहे आणि तोपर्यंत आपल्याकडे दिवस काढणार आहे. ही शंका तो तोंडावर क्वचितच बोलून दाखवतो. एखाद्याला कामावर घ्यावे, प्लांट शिकवावा आणि चार महिन्यांनी त्याने मेडिकलसाठी रजा मागून विमान पकडावे, हा अनुभव कोकणातील अनेक कारखान्यांनी घेतलेला असल्यामुळे त्या शंकेला दोष देता येत नाही.

म्हणून वरील सर्व ओळी काढून टाकाव्यात. पासपोर्ट क्रमांक तर कोणत्याही बायोडेटावर नसावा, कारण ती कागदपत्रे किती हातांतून फिरतात याचा पत्ता लागत नाही. त्याऐवजी नाव, भारतीय मोबाइल क्रमांक, ईमेल आणि सध्याचा राहण्याचा पत्ता तालुक्यासह द्यावा. ९६६ किंवा ९७१ ने सुरू होणारा क्रमांक अजून छापलेला असेल तर फोन न येण्याचे कारण तेवढेच असू शकते, कारण आंतरराष्ट्रीय कॉल करून कोणी उमेदवार गोळा करत बसत नाही. पोर्टलवरील प्रोफाइलमध्ये सध्याचे ठिकाण ‘जुबैल’ किंवा ‘अबू धाबी’ असेच राहिलेले असते. भरती करणारे ठिकाण आणि नोटिस पीरियड यांवर चाळणी लावतात, त्यामुळे तुमचे नाव त्यांच्या यादीत येतच नाही. बायोडेटा दुरुस्त करूनही प्रोफाइल जुनेच ठेवणारे निम्मे लोक मला भेटतात.

पुन्हा जाणार की नाही, या शंकेचे उत्तर पहिल्या चार ओळींतच द्यावे. ‘जून २०२४ मध्ये करार पूर्ण करून कायमचा परतलो, चिपळूण येथे कुटुंबासह वास्तव्य, तत्काळ रुजू होऊ शकतो’ एवढे पुरते. सौदीतून आलेल्यांनी फायनल एक्झिट घेतलेली असेल तर तसे लिहावे. ती खरोखर घेतलेली नसेल, तर मात्र ते लिहू नये, कारण पासपोर्टच्या प्रती पुढे मागितल्या जातातच.

दुसरी तपासणी: मालक कोण होता, काम कोठे केले?

आखातात कागदावरचा मालक आणि प्रत्यक्ष कामाची जागा हे दोन्ही एकच असतात असे नाही. व्हिसा सप्लाय कंपनीचा असतो, पगार तीच देते, आणि काम मात्र मोठ्या तेल किंवा पेट्रोकेमिकल कंपनीच्या प्लांटवर चालते. बायोडेटात बहुतेक जण थेट त्या मोठ्या कंपनीचे नाव मालक म्हणून लिहितात, कारण ते नाव ओळखीचे असते. यात फसवण्याचा हेतू सहसा नसतो, साइटवर सगळे तसेच बोलतात. परंतु पडताळणी करणारी संस्था त्या मोठ्या कंपनीला ईमेल पाठवते, तेथून ‘या नावाचा कर्मचारी आमच्याकडे नव्हता’ असे उत्तर येते, आणि तेवढ्यावरून सबंध बायोडेटा संशयित ठरतो.

याच्या उलट चूकही तितकीच महाग पडते. केवळ सप्लाय कंपनीचे नाव लिहिले तर लोट्यातील वाचकाला त्या नावावरून काहीच कळत नाही. ती इमारत बांधणारी कंपनी होती की साफसफाईची माणसे पुरवणारी, याचा त्याला अंदाज येत नाही. म्हणून दोन्ही गोष्टी, त्यांचे नाते स्पष्ट करून, एकाखाली एक लिहाव्यात. आपल्या उदाहरणातील गृहस्थांसाठी ती नोंद अशी होते. मूळ बायोडेटा अर्थातच इंग्रजीत असतो, येथे मजकूर मराठीत देतो.

मालक: मनुष्यबळ पुरवठा करणारी कंपनी, तिचे पूर्ण नोंदणीकृत नाव, जुबैल, सौदी अरेबिया.
कामाची जागा: क्लायंट कंपनीचे नाव, इथिलीन प्लांट, मेंटेनन्स आणि शटडाऊन विभाग.
कालावधी: मार्च २०१२ ते एप्रिल २०१७.

दुसऱ्या ओळीत प्लांटचा प्रकार लिहिणे सर्वांत महत्त्वाचे आहे. रिफायनरी, खत कारखाना, वीजनिर्मिती, समुद्राचे पाणी गोडे करण्याचा प्रकल्प, गॅस प्रक्रिया, यांपैकी काय होते ते कळले की येथील प्लांट मॅनेजर आपोआप तुलना करू लागतो. शहराच्या नावाने ते साधत नाही, कारण रुवैस म्हणजे काय हे रसायनीतील प्रत्येकाला ठाऊक असेलच असे नाही.

तिसरी तपासणी: पदनाम

येथे दोन वेगळे दोष असतात आणि त्यांची गल्लत होते.

पहिला दोष पायरी न कळण्याचा. चार्जहँड, लीडमन, फोरमन ही पदे आखातात रोजची आहेत. येथील रासायनिक कारखान्यात मात्र टेक्निशियन, सीनियर टेक्निशियन, सुपरवायझर, ज्युनिअर इंजिनिअर अशी शिडी असते. ‘फोरमन’ वाचून कोणाला मुकादम वाटतो, कोणाला विभागप्रमुख. पदनाम दाखल्यावर आहे तसेच ठेवावे आणि त्याच्या पुढे हाताखाली किती माणसे होती व आपण कोणाला रिपोर्ट करत होतो, ते लिहावे. ‘पाइपिंग फोरमन, १४ फिटर व ६ वेल्डर, मेंटेनन्स इंजिनिअरच्या हाताखाली’ असे वाचल्यावर पायरी समजते आणि पदनाम बदलल्याचा आरोपही येत नाही.

दुसरा दोष अधिक गंभीर आहे. व्हिसावरील किंवा इकामा म्हणजे सौदीतील रहिवासी परवान्यावरील व्यवसाय आणि प्रत्यक्ष काम यांत फरक असतो. कंपनीकडे ज्या व्यवसायाचे व्हिसे शिल्लक होते त्यावर माणूस नेला, म्हणून पाइपिंग सुपरवायझरच्या इकाम्यावर ‘पाइप फिटर’ किंवा नुसते ‘कामगार’ असते. बायोडेटात सुपरवायझर लिहायचे आणि इकाम्याची प्रत जोडायची, म्हणजे विसंगती स्वतःच्या हाताने दाखवून द्यायची. अशा वेळी सर्व्हिस सर्टिफिकेटवर काय लिहिले आहे ते आधी पाहावे. त्यावर सुपरवायझर असेल तर तोच मुख्य पुरावा मानून इकाम्यातील फरक पडताळणीच्या फॉर्ममध्ये एका वाक्यात स्वतःहून नोंदवावा: ‘व्हिसावरील व्यवसाय पाइप फिटर, कंपनीतील पद जानेवारी २०१५ पासून सुपरवायझर, दाखला सोबत.’ आधी सांगितलेली विसंगती खुलासा ठरते, नंतर सापडलेली लबाडी ठरते. सर्टिफिकेटवरही ‘फिटर’ असेल तर बायोडेटात फिटर हेच पद द्यावे आणि सुपरवायझरचे काम वर्णनात दाखवावे. हे अनेकांना पटत नाही, परंतु कागद नसलेले पद पडताळणीत टिकत नाही.

चौथी तपासणी: कामाचे वर्णन

या तपासणीला एक दुपार लागते, पण फरक सर्वांत जास्त पडतो. उदाहरणातील गृहस्थांच्या जुन्या बायोडेटात पाच वर्षांच्या जुबैल येथील कामाखाली एवढेच होते: ‘पाइपिंगची सर्व कामे पाहणे, सुरक्षेचे नियम पाळणे, क्लायंटशी समन्वय राखणे, टीमचे नेतृत्व करणे.’ हेच वाक्य त्यांच्या रुवैसच्या कामाखालीही होते आणि त्यांच्या शेजाऱ्याच्या बायोडेटातही होते, कारण दोघांनी एकाच सायबर कॅफेतून तो टाइप करून घेतला होता.

या ओळी लिहिण्यापूर्वी एक मूलभूत फरक समजून घ्यावा लागतो. आखातातील मोठ्या प्लांटवर कामाची विभागणी फार बारीक असते. एक माणूस वर्षानुवर्षे फक्त फ्लँज, गॅस्केट आणि हायड्रोटेस्ट करतो, पंप दुसऱ्याचे, व्हॉल्व्ह तिसऱ्याचे. लोट्यातील मध्यम कारखान्यात मेंटेनन्स सुपरवायझर म्हणजे पंपाचे मेकॅनिकल सील, रिअॅक्टरचा गिअरबॉक्स, कूलिंग टॉवर, स्टीम लाइन, कंत्राटी कामगारांची हजेरी आणि सुट्या भागांची मागणी, हे सगळे एकाच माणसाच्या गळ्यात असते. त्यामुळे येथील मॅनेजरला खरा प्रश्न पडतो तो असा: ‘याने मोठे काम केले असेल, पण माझी दहा प्रकारची छोटी कामे याला जमतील का?’ वर्णनाने या प्रश्नाचे उत्तर द्यायला हवे.

म्हणून आधी एका कोऱ्या कागदावर प्रत्येक नोकरीत प्रत्यक्ष हात लावलेली उपकरणे लिहून काढावीत, केवळ मुख्य काम नव्हे. उदाहरणातील गृहस्थांनी असे केल्यावर आठवले की रुवैसला शटडाऊन नसलेल्या महिन्यांत ते सेंट्रिफ्यूगल पंपांचे सील बदलण्यास मदत करत असत आणि स्टीम ट्रॅपची पाहणी त्यांच्याकडे होती. लोट्यातील २००९ ते २०१२ ही तीन वर्षे तर त्यांनी बायोडेटातून काढूनच टाकली होती, ‘ते जुने झाले’ म्हणून. स्थानिक कारखान्यासाठी त्यांच्या कागदावरची सर्वांत मौल्यवान ओळ तीच होती, कारण ग्लास-लाइन्ड रिअॅक्टर, पाळीतील कामगार आणि एमआयडीसीतील कंत्राटदार यांची सवय तिथेच दिसत होती.

नवे वर्णन असे झाले. ‘इथिलीन युनिटच्या ३० दिवसांच्या शटडाऊनमध्ये रात्रपाळीचा पाइपिंग फोरमन. १४ फिटर व ६ वेल्डर यांच्याकडून हीट एक्स्चेंजर उघडणे, ट्यूब बंडल काढणे, गॅस्केट बदलणे आणि टॉर्कच्या नोंदी ठेवणे. एएसएमई बी ३१.३ नुसार हायड्रोटेस्ट पॅक तयार करून क्लायंटच्या निरीक्षकाकडून मंजूर करून घेणे. बंदिस्त जागेतील आणि गरम कामाची परमिट रोज स्वतः घेणे.’ यातील प्रत्येक आकडा मुलाखतीत विचारला जातो, म्हणून जो आकडा आठवून समजावता येणार नाही तो लिहू नये. एएसएमई आणि एपीआयची मानके येथेही वापरली जातात, त्यामुळे ती जशीच्या तशी राहू द्यावीत. क्लायंट कंपनीचे अंतर्गत मानक आणि तिचे अप्रूव्हल क्रमांक मात्र येथे कोणी वाचत नाही. ते काढून ‘क्लायंटच्या परीक्षेतून मंजूर झालेला सुपरवायझर’ असे साधे लिहावे.

दीड-दोन महिन्यांच्या शटडाऊन कामांची स्वतंत्र यादी केली तर नोकऱ्या बदलत राहणारा माणूस असा समज होतो. २०१७-१८ मधील तीन छोटी कामे ‘शटडाऊन कंत्राटे’ अशा एकाच शीर्षकाखाली, महिन्यांसह एकत्र लिहावीत. मधले रिकामे महिने लपवण्यासाठी फक्त वर्षे छापण्याची युक्ती सर्वांना ठाऊक झाली आहे, तिने उलट प्रश्न वाढतात.

पाचवी तपासणी: पगार

बायोडेटात पगार लिहूच नये, परंतु फोनवर आणि फॉर्ममध्ये तो विचारला जातोच. रियाल किंवा दिरहमचा आकडा रुपयांत बदलून सांगितला की दोनांपैकी एक गोष्ट होते. तो आकडा येथील पदाच्या मर्यादेबाहेर जातो आणि संभाषण संपते, किंवा तो कमी सांगावा लागतो आणि पुढे सॅलरी स्लिपशी जुळत नाही.

आकडा फोडून पाहिल्यास तो तितका भयंकर नसतो. समजा एखाद्याचा जुबैल येथे शेवटचा मूळ पगार २,८०० रियाल होता आणि रोज दहा तासांची ड्यूटी होती. म्हणजे २६ दिवसांचे ५२ तास ओव्हरटाइम. मूळ पगाराला ३० दिवस आणि ८ तासांनी भागले की तासाला ११.६७ रियाल येतात, दीडपट दराने १७.५०, आणि ५२ तासांचे ९१०. जेवणाचे ३०० धरून हातात ४,०१० रियाल. रियालला २२.५० रुपये असा दर धरला तर महिन्याला सुमारे ९०,००० आणि वर्षाला सुमारे १०.८ लाख रुपये होतात. परंतु आठ तासांच्या कामाचा मूळ पगार तेवढ्याच दराने वर्षाला ७.५६ लाख होतो. येथील सीटीसीशी, म्हणजे कंपनीला तुमच्यावर पडणाऱ्या एकूण वार्षिक खर्चाशी, तुलना करायचीच तर ती या दुसऱ्या आकड्याशी करावी आणि सीटीसीमध्ये मालकाचा पीएफचा हिस्सा, ग्रॅच्युइटी वगैरे मिळवलेले असते, म्हणजे हातात येणारी रक्कम त्याहून कमी असते, हेही लक्षात ठेवावे.

फोनवरचे उत्तर मग असे द्यावे: ‘मूळ पगार २,८०० रियाल, ओव्हरटाइम आणि जेवण वेगळे. तो तिथल्या ड्यूटीचा पगार होता. येथील पदाच्या श्रेणीनुसार माझी अपेक्षा इतकी आहे.’ अपेक्षेचा आकडा ठरवण्यासाठी त्याच एमआयडीसीत तेच पद सांभाळणाऱ्या दोघा-तिघांना विचारावे. ज्यांना ही तडजोड मान्य नाही त्यांनी ते मनाशी आधीच ठरवावे, कारण बायोडेटा कितीही सुधारला तरी या प्रश्नावर त्याचा उपयोग होत नाही.

सहावी तपासणी: दाखले आणि मधली वर्षे

भारतातील नोकरीची पडताळणी आता बरीचशी पीएफच्या नोंदींवरून होते. यूएएन, म्हणजे पीएफचा कायमचा एकच क्रमांक, टाकला की कोणत्या मालकाकडे कोणत्या महिन्यापासून कोणत्या महिन्यापर्यंत पीएफ भरला गेला ते दिसते. परदेशातील वर्षे तेथे नसतात, म्हणून बारा वर्षांचे भगदाड दिसते. यूएएन २०१४ मध्ये सुरू झाला असल्याने त्यापूर्वी सोडलेल्या नोकरीचा पीएफ क्रमांक त्याला जोडलेला नसेल, तर लोट्यातील तीन वर्षेही दिसत नाहीत. जुन्या सॅलरी स्लिपवरील पीएफ क्रमांक शोधून ठेवावा आणि रुजू होताना भरायच्या घोषणापत्रात तो द्यावा.

परदेशी वर्षांसाठी पुरावे उतरत्या बळाने असे लावावेत: पद, तारखा आणि लेटरहेड असलेले सर्व्हिस सर्टिफिकेट, करार, पगार जमा झालेल्या बँकेचे स्टेटमेंट, सौदीतील ‘गोसी’ या सामाजिक विमा संस्थेकडील नोंद, आणि शेवटी पासपोर्टवरील व्हिसा व ये-जा केल्याचे शिक्के. पासपोर्टचे शिक्के तुम्ही त्या देशात होता एवढेच सांगतात, काय काम केले ते सांगत नाहीत. अमिरातीत २००९ पासून पगार बँकेमार्फत देण्याची सक्तीची व्यवस्था आहे, त्यामुळे तेथील स्टेटमेंट हा चांगला पुरावा असतो. दुर्दैवाने बहुतेक जण परतण्याच्या आठवड्यात खाते बंद करून टाकतात आणि स्टेटमेंट घ्यायचे राहते. अजून तिकडेच असाल तर हे आधी करून ठेवावे.

सर्व्हिस सर्टिफिकेट मिळाले नसेल तर ते मागण्याचा हक्क आहे. सौदी कामगार कायद्याच्या ६४व्या कलमानुसार करार संपल्यावर कामगाराने मागितल्यास मालकाने ते विनामूल्य द्यायचे असते आणि अमिरातीच्या २०२१ च्या कामगार कायद्यातही अशीच तरतूद आहे. ईमेलवर मागताना कर्मचारी क्रमांक, इकामा किंवा एमिरेट्स आयडी क्रमांक, रुजू होण्याची आणि सोडण्याची तारीख द्यावी. प्रमाणपत्र केवळ अरबीत असेल तर त्याचा इंग्रजी अनुवाद अधिकृत अनुवादकाकडून करून घ्यावा. खासगी कंपनीने स्पष्टपणे मागितल्याशिवाय दूतावासाच्या शिक्क्यांवर पैसे खर्च करू नयेत, ती गरज नसताना एजंट ती सेवा विकतात.

सातवी तपासणी: येथे लागणारा परवाना

एवढे सर्व करूनही ठरावीक पदांवर नकार येत असेल, तर दोष मांडणीचा नाही. काही पदांना येथील कायद्यानुसार येथीलच पात्रता लागते. कारखान्यातील वैधानिक सुरक्षा अधिकाऱ्याच्या पदासाठी राज्य शासनाने मान्य केलेली औद्योगिक सुरक्षेची पदविका आणि बहुसंख्य कामगारांच्या भाषेचे पुरेसे ज्ञान हवे असते. नेबॉश या ब्रिटिश संस्थेचे सुरक्षेचे प्रमाणपत्र उत्तम असले तरी त्या पदविकेची जागा घेत नाही. त्यातील भाषेची अट मराठी माणसाच्या पथ्यावर पडते, ती बायोडेटात जरूर दाखवावी. विजेच्या कामात पर्यवेक्षकाचा राज्याचा परवाना, बॉयलरवर बॉयलर अटेंडंटचे प्रमाणपत्र, असेच नियम आहेत. वेल्डरची एएसएमईनुसार झालेली चाचणी त्या मालकापुरती असते आणि ती प्रक्रिया सहा महिने वापरली नाही तर संपते, म्हणून ‘पात्र वेल्डर’ असे न लिहिता ‘६जी स्थितीत चाचणी देण्यास तयार’ असे लिहावे. पदविकेला वेळ आणि पैसा दोन्ही लागतात. तोवर सुरक्षा अधिकारी या पदाऐवजी सेफ्टी सुपरवायझरसाठी अर्ज करणे योग्य.

स्वतः करणे कोठे थांबवावे

बायोडेटा सुधारून देणाऱ्या सशुल्क संस्थेची या प्रकारात गरज पडत नाही, कारण प्लांटवर तुम्ही काय केले हे त्यांना तुमच्याहून कमी माहीत असते. परंतु पुढील बाबतींत स्वतः डोके लढवू नये. नवी कंपनी मागील वर्षांची आयकर विवरणे मागत असेल, किंवा परतल्यानंतरची निवासी स्थिती आणि एनआरई खाते यांचा प्रश्न असेल, तर चार्टर्ड अकाउंटंटकडे जावे आणि त्याच्याकडून लेखी स्पष्टीकरण घेऊन एचआरला द्यावे. जुन्या मालकाने तुमच्यावर काम सोडून पळाल्याची नोंद केली असेल किंवा तिकडे दावा चालू असेल, तर पडताळणीच्या फॉर्मवर सही करण्यापूर्वी वकिलाचा सल्ला घ्यावा. आणि पूर्वी जाताना एजंटने तुमच्या नावे खोटा अनुभवाचा दाखला बनवला असेल, तर तो दाखला आणि त्यावरील वर्षे आजच्या बायोडेटातून पूर्णपणे काढावीत, त्या आधारावर कोठे काही आधीच सादर झाले असेल तर तेही वकिलाला दाखवावे आणि तोपर्यंत त्या कंपनीकडे पुढचा एकही कागद पाठवू नये.